मधला शुक्रवार कोणाचा?

नव्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी हातात आली की नोकरदार माणूस आधी वार बघतो. सुट्टी रविवारी पडली असेल तर हळहळतो, सोमवारी किंवा शुक्रवारी आली असेल तर समाधान मानतो, आणि गुरुवारी किंवा मंगळवारी आली असेल तर त्याचा हिशेब सुरू होतो. गुरुवारची सुट्टी, मधे शुक्रवार, मग शनिवार-रविवार. शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. पुढच्या आठवड्यात आणखी एखादी सुट्टी असेल तर चारपाच रजांत दहा-अकरा दिवसांची मोकळीक होते.

हा हिशेब करणाऱ्याकडे पुष्कळ कचेऱ्यांत संशयाने पाहिलं जातं. जोडून रजा मागणारा कामचुकार, असा एक समज वरिष्ठांच्या मनात घट्ट बसलेला असतो. कर्मचारीही तो मान्य करून टाकतात आणि अर्जात खरं कारण लिहायला कचरतात. मला हा समज मुळातून चुकीचा वाटतो. रजा सुट्ट्यांना जोडून घेणं हा रजेचा सर्वांत समंजस उपयोग आहे. तो उघडपणे, लेखी नियमाने आणि सगळ्यांना आळीपाळीने मिळायला हवा. मधला दिवस मोजायचा कसा आणि द्यायचा कोणाला, हे दोन प्रश्न आधी सोडवलेले नसतात, म्हणून दर वेळी कुरबुर होते. रजा जोडण्याचा त्यात काही दोष नसतो.

आधी एक साधी गोष्ट. एखाद्याने वर्षभरात पाच वेगवेगळ्या शुक्रवारी एकेक रजा घेतली काय किंवा सलग पाच रजा घेतल्या काय, संस्थेचे कामाचे दिवस पाचच जातात. घेणाऱ्याच्या बाजूने मात्र फरक मोठा आहे. सुट्या शुक्रवारांतून तीन-तीन दिवसांचे पाच तुकडे मिळतात. विश्रांती कधीच तिसऱ्या दिवसाच्या पुढे जात नाही. नेदरलंड्समधल्या जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब सुट्टीवर गेलेल्या ५४ नोकरदारांचा अभ्यास केला होता. त्यांच्या सुट्ट्या सरासरी २३ दिवसांच्या होत्या. सुट्टी सुरू होताच त्यांना बरं वाटू लागलं, ते वाढत जाऊन आठव्या दिवशी सर्वांत वर पोहोचलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्वपदावर आलं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून कोणी कायदा करू नये. शिवाय त्याचा शेवटचा निष्कर्ष जोडसुट्टीच्या विरोधातही वापरता येईल: परिणाम आठवडाभरात ओसरतो, तर मग एवढा खटाटोप कशासाठी? मला वाटतं, झोपेचा परिणाम दुसऱ्या रात्रीपर्यंतच टिकतो म्हणून कोणी झोप बंद करत नाही. विश्रांती पुन्हा पुन्हा लागते. त्यातली निदान एक तरी इतकी लांब असावी की काम डोक्यातून उतरायला वेळ मिळेल, एवढाच या अभ्यासाचा अर्थ मी घेतो.

कामगार कायद्यांनी हे फार पूर्वी ओळखलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७० च्या पगारी रजेविषयीच्या करारात, म्हणजे करार क्रमांक १३२ मध्ये, वर्षाला किमान तीन आठवडे रजा सांगितली आहे. तिचे तुकडे करायला परवानगी दिली, तरी एक तुकडा सर्वसाधारणपणे निदान सलग दोन आठवड्यांचा हवा, असंही तिथे म्हटलं आहे. जर्मनीच्या १९६३ च्या रजा कायद्यातही रजा सलग द्यावी आणि तुकडे करणं भागच पडलं तर एक तुकडा निदान बारा कामाच्या दिवसांचा असावा, अशी तरतूद आहे. सलग रजा ही कायद्याला अपेक्षित असलेली मूळ रजा आहे, आणि एकेक सुटा दिवस हा तिचा अपवाद. आपल्या कचेऱ्यांनी हा क्रम उलटा करून ठेवला आहे. एक दिवसाची रजा सहज मंजूर होते, आठ दिवसांची मागितली की भुवया उंचावतात.

बँकांच्या जगात तर सलग रजेकडे सुरक्षेचा उपाय म्हणून बघतात. अमेरिकेतल्या ठेव विमा महामंडळाने बँकांना वर्षानुवर्षं सांगितलं आहे की अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा सलग दोन आठवडे कामापासून दूर राहावं. एखादा गैरव्यवहार लपवून ठेवायचा तर तो करणाऱ्याला रोज तिथे हजर राहावं लागतं. त्याचं काम दोन आठवडे दुसऱ्याच्या हातात गेलं की लपवलेलं वर येतं. प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही हेच खरं आहे. एका व्यक्तीवाचून कुठलं काम अडतं, हे तिच्या एक दिवसाच्या रजेत कधी कळत नाही, कारण सगळे ते काम तिच्या येण्याची वाट बघत दुसऱ्या दिवसावर ढकलतात. आठ-दहा दिवसांच्या रजेत ते ढकलता येत नाही.

आता मोजणीकडे येतो, कारण खरा अन्याय तिथे होतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

एक उदाहरण घेऊ. आठवड्याला पाच दिवस काम आहे. गुरुवारी सार्वजनिक सुट्टी आहे आणि पुढच्या सोमवारीही सार्वजनिक सुट्टी आहे. एका बाईंना गुरुवारपासून पुढच्या आठवड्याच्या रविवारपर्यंत मोकळे दिवस हवे आहेत. गुरुवार ते त्यानंतरचा दुसरा रविवार म्हणजे अकरा दिवस. यात त्यांना एरवी कामावर यावं लागलं असतं असे दिवस किती? पहिला शुक्रवार, आणि पुढचे मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. एकूण पाच. कामाचे दिवस मोजले तर त्यांच्या खात्यातून पाच रजा जायला हव्यात.

दुसऱ्या एका संस्थेत रजेच्या मधे आलेली प्रत्येक सुट्टीही रजा म्हणून धरली जाते. दोन्हीकडे रजा आणि मधे सुट्टी असल्यामुळे याला तिथले लोक सँडविच नियम म्हणतात. त्या हिशेबाने पहिल्या शुक्रवारपासून शेवटच्या शुक्रवारपर्यंतचे सगळे दिवस रजेत गेले. म्हणजे आठ रजा. तिसऱ्या ठिकाणी याहून कडक नियम असतो. तिथे रजेच्या अलीकडे आणि पलीकडे लागून आलेल्या सुट्ट्याही मोजतात. मग अकरा दिवसांच्या अकरा रजा जातात. माणूस तोच, दिवस तेच, बुडालेलं काम तेवढंच, आणि रजा पाच, आठ किंवा अकरा.

मधल्या नियमाचा एक परिणाम नीट पाहण्यासारखा आहे. या बाई पहिल्या शुक्रवारी कामावर आल्या असत्या तर शनिवार, रविवार आणि सोमवारच्या फक्त एका बाजूला रजा राहिली असती. त्यांना चार रजांत, शनिवारपासून पुढच्या आठवड्याच्या रविवारपर्यंत, नऊ दिवस मिळाले असते. शुक्रवारी न येण्याने रजा चारवरून आठवर गेली. म्हणजे त्या एका शुक्रवारची किंमत चार रजा झाली. कामाचे दिवस मोजणाऱ्या संस्थेत तीच किंमत एक रजा असते.

एका दिवसासाठी चार रजा कोणी राजीखुशीने देत नाही. मग काय होतं? काही जण शुक्रवारी येऊन बसतात, फक्त साखळी तोडण्यासाठी. त्या दिवशी काम जेमतेम होतं, कारण पलीकडच्या कचेरीतलं कोणी फोन उचलत नाही. काही जण शुक्रवारी सकाळी आजारी असल्याचं कळवतात. नियम करणाऱ्याला वाटतं की लोक अप्रामाणिक आहेत म्हणून नियम कडक हवा. मला उलटं दिसतं: लोकांना खोटं बोलायला भाग पाडणारा नियम आधी आला. एखाद्या संस्थेला हे तपासायचं असेल तर मागच्या दोन वर्षांतले असे मधले दिवस काढावेत आणि त्या दिवसांची हजेरी इतर शुक्रवारांशी ताडून पाहावी. आधी मागितलेल्या रजा कमी आणि ऐनवेळी कळवलेली आजारपणं जास्त दिसली, तर दोष कुठे आहे ते कळेल.

सुट्ट्या रजेत धरण्याचा प्रत्येक नियम अन्यायकारक असतो असं मात्र नाही. रजा ज्या मापाने दिली, त्याच मापाने कापली तर हिशेब बरोबर बसतो. भारताच्या केंद्र सरकारी सेवकांना १९७२ च्या रजा नियमांनुसार वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते. रजेच्या मधे आलेले रविवार आणि सुट्ट्या त्यात मोजल्या जातात, पण रजेच्या आधी आणि नंतर लागून आलेल्या सुट्ट्या जोडून घेता येतात. तीस हा आकडाच कॅलेंडरच्या दिवसांचा आहे, म्हणून आत येणारे रविवार मोजले तरी कोणाचं काही जात नाही. याच सेवकांच्या किरकोळ रजेत मधले रविवार आणि सुट्ट्या मोजत नाहीत, कारण ती मुळातच वर्षाला मोजून आठ दिवस असते. याउलट भारतातल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली आणि रजेच्या मधे किंवा दोन्ही टोकांना आलेल्या सुट्ट्या त्यातून वगळल्या. कमाई कामाच्या दिवसांवर, म्हणून वजावटही कामाच्या दिवसांचीच. जर्मनीच्या कायद्यातही किमान २४ दिवसांची रजा रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळून मोजायची असते. करार क्रमांक १३२ मध्येही सार्वजनिक सुट्ट्या किमान वार्षिक रजेत धरू नयेत, असं स्पष्ट आहे.

गडबड होते ती दोन मापं मिसळली की. नेमणूकपत्रात "वर्षाला पंधरा कामाचे दिवस रजा" असं लिहायचं आणि रजा कापताना कॅलेंडरचे दिवस मोजायचे, ही सरळसरळ मिळकतीतली कपात आहे. वरच्या उदाहरणातल्या बाईंच्या पंधरा रजांपैकी आठ एका फटक्यात गेल्या, त्यातले तीन दिवस तर त्या संस्थेचं दारही उघडं नव्हतं. आपल्या संस्थेत कोणतं माप चालतं हे ओळखायला पगारपत्रकावरची एक जुनी जोडरजा पुरते: किती दिवस घरी होतो, त्यातले कामाचे किती, आणि खात्यातून किती गेले.

मोजणी न्याय्य झाली की दुसरा प्रश्न उरतो, आणि तो जास्त अवघड आहे. मधला शुक्रवार सगळ्यांनाच हवा असतो. संस्थेची जोडरजेविषयीची खरी आणि रास्त अडचण हीच आहे. एका माणसाने पाच दिवस जाणं हा प्रश्न नाही. सगळ्यांनी तेच पाच दिवस मागणं हा प्रश्न आहे.

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर "जो आधी अर्ज करेल त्याला" असं असतं. वरवर हे निःपक्षपाती वाटतं. प्रत्यक्षात ज्याला वर्षभराचं आधी ठरवता येतं त्याला ते फायद्याचं आहे. ज्याच्या जोडीदाराच्या पाळ्या महिन्यापूर्वी कळतात, ज्याच्या घरी कोणी आजारी आहे, जो नुकताच नोकरीला लागला आहे, तो दर वर्षी रांगेत मागेच राहतो. ज्येष्ठतेने द्यायचं म्हटलं तर तीच चार माणसं निवृत्त होईपर्यंत सगळे मधले शुक्रवार घेतात. वरिष्ठाच्या मर्जीवर सोडलं तर काय होतं ते कोणत्याही कर्मचाऱ्याला सांगायची गरज नाही.

नऊ जणांचा एक विभाग घ्या. काम चालायला निदान पाच जण हजर हवेत, म्हणजे एका वेळी चौघांना जाता येईल. त्या वर्षाच्या यादीत असे मधले दिवस पाच आहेत. पाच दिवस, प्रत्येकी चार जागा, म्हणजे वर्षभरात वीस जागा झाल्या. नऊ जणांना प्रत्येकी दोन दिल्या तर अठरा गेल्या आणि दोन उरल्या. हा हिशेब एका कागदावर मांडला की निम्मं भांडण तिथेच मिटतं, कारण टंचाई वाटते तेवढी नसते. प्रत्येकाला वर्षात दोन जोडसुट्ट्या नक्की मिळू शकतात.

मग यादी जाहीर झाली की विभागाने हे पाच दिवस लिहून लावावेत आणि ठरलेल्या तारखेपर्यंत प्रत्येकाकडून पसंतीचा क्रम घ्यावा. त्या तारखेच्या आत अर्ज पहिल्या दिवशी आला की शेवटच्या, याने काही फरक पडू नये. आधी प्रत्येकाची पहिली पसंती बघायची. एखाद्या दिवसासाठी सहा जण असतील तर पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्या दोघांना मिळालं नाही त्यांची नावं नोंदवून ठेवायची. पुढच्या वर्षी त्या दोघांना आधी. उरलेल्या दोन जागाही चिठ्ठीने. कोणी आपली जागा सोडली तर ती प्रतीक्षेतल्या पुढच्या नावाला जावी. आपल्या मित्राला देता येऊ नये.

यात एक चूक हमखास होते: डोकी मोजून निर्णय घेतला जातो. पाच जण हजर आहेत, पण देयकांवर सही करण्याचा अधिकार ज्या दोघांकडे आहे ते दोघेही रजेवर गेलेत, तर पाच जणांच्या हजेरीला अर्थ नाही. म्हणून जागा ठरवताना कोणकोणती कामं त्या दिवशी थांबू शकत नाहीत ते आधी लिहावं आणि त्या प्रत्येक कामासाठी एक माणूस राहील एवढंच पाहावं. असं लिहायला बसलं की बहुधा कळतं की पाच जण लागतात हा आकडाही सवयीचा होता, चार पुरतात. कधी उलटंही कळतं: एक काम एकालाच येतं, आणि तो माणूस कित्येक वर्षांत कुठल्याही मधल्या शुक्रवारी रजेवर गेलेला नाही. त्याला रजा नाकारत राहण्यापेक्षा ते काम दुसऱ्या कोणाला तरी शिकवणं हे संस्थेचं काम आहे.

लहान मुलांच्या आईवडिलांना प्राधान्य द्यावं का, हा वाद प्रत्येक विभागात निघतो. जर्मन कायदा म्हणतो की कर्मचाऱ्याची इच्छा मानावी, मात्र कामाची तातडीची निकड किंवा सामाजिक कारणांनी ज्यांचा हक्क आधीचा ठरतो अशा सहकाऱ्यांची इच्छा आड येत असेल तर नाही. शाळेच्या मोठ्या सुट्टीत आईवडिलांना आधी रजा मिळावी, हे मला पटतं. मुलांची सुट्टी त्यांना हलवता येत नाही. सुट्या मधल्या शुक्रवाराला मात्र मी हे प्राधान्य लावणार नाही. तिथे अविवाहितांना किंवा मुलं मोठी झालेल्यांना दर वेळी मागे ठेवणं म्हणजे त्यांच्या घरच्या आयुष्याला कमी लेखणं आहे. त्यांनाही म्हातारे आईवडील असतात, किंवा नुसती विश्रांती हवी असते, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

अर्जाबद्दलही बोलायला हवं, कारण जोडरजेचे निम्मे घोळ शब्दांत होतात. "गुरुवारपासून पुढच्या रविवारपर्यंत रजा मिळावी" असा अर्ज केला की अर्जदाराने स्वतःच अकरा दिवसांची रजा मागितली असं होतं. ती मंजूर करणारा तेवढीच नोंदवतो आणि नंतर भांडायला जागा राहत नाही. अर्जात रजेचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे दिसले पाहिजेत. मी असा लिहीन:

"मला शुक्रवार (एक दिवस) आणि पुढील मंगळवार ते शुक्रवार (चार दिवस) अशी एकूण पाच दिवसांची रजा मंजूर करावी. गुरुवारी व सोमवारी सार्वजनिक सुट्टी असून शनिवार-रविवार साप्ताहिक सुट्टी आहे. हे दिवस रजेत धरले जाणार असल्यास कृपया मंजुरीपूर्वी तसे लेखी कळवावे. त्यानंतरच्या सोमवारी मी कामावर हजर होईन. माझ्या अनुपस्थितीत प्रलंबित कामे कोण पाहील याची यादी सोबत जोडली आहे. पहिला शुक्रवार देणे शक्य नसल्यास मंगळवार ते शुक्रवार ही चार दिवसांची रजा मंजूर करावी."

प्रत्यक्ष अर्जात प्रत्येक वारापुढे तारीख हवीच. यात कुठलंही रचलेलं कारण नाही आणि ते लागतही नाही. शेवटचं वाक्य मला सर्वांत उपयोगी वाटतं. मधला दिवस अडत असेल तर सगळी रजा नामंजूर करण्याऐवजी देण्याजोगं काय आहे, ते वरिष्ठाला हाताशी मिळतं. ज्या संस्थेत सँडविच नियम आहे तिथे तर हा पर्याय आठऐवजी चार रजांत नऊ दिवस देऊन जातो. आणि तिकिटं मंजुरीनंतर काढावीत. आधी काढलेली तिकिटं दाखवून रजा मागणं हे सहकाऱ्यांवर दडपण आणणं आहे. आळीपाळीची पद्धत त्यानेच मोडते.

नकार देणाऱ्यानेही तेवढ्याच स्पष्टपणे लिहायला हवं. "कामाच्या निकडीमुळे रजा नामंजूर" या वाक्यातून काहीच कळत नाही. त्या दिवशी चार जागा आधीच भरल्या आहेत, प्रतीक्षा यादीत तुमचं नाव पहिलं आहे, पुढच्या मधल्या दिवशी तुम्हाला प्राधान्य राहील, एवढं लिहिलं की नकारही पचतो.

एवढं सगळं करण्यापेक्षा सरकारनेच मधला दिवस सुट्टी जाहीर करावा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. जपानने १९८५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दोन राष्ट्रीय सुट्ट्यांच्या मधे अडकलेला एकटा दिवस आपोआप सुट्टीचा ठरवला. त्यामुळे २०१५ च्या सप्टेंबरात तिथे शनिवार ते बुधवार असे पाच दिवस सलग मिळाले. हा दिवस खरोखर जास्तीचा दिलेला आहे, त्याची भरपाई कोणाकडून घेतलेली नाही, म्हणून मला तो चांगला वाटतो. चीनने १९९९ पासून वेगळा मार्ग धरला. तिथे लांब सुट्टी तयार करण्यासाठी अलीकडचा किंवा पलीकडचा शनिवार-रविवार कामाचा करतात. सुट्टी सात दिवसांची दिसते, पण तिच्यातले काही दिवस लोकांनी स्वतःच्या आठवडी सुट्टीतून भरलेले असतात. सुट्टीच्या आधी किंवा नंतर लांबलचक कामाचा आठवडा येतो आणि सगळा देश एकाच वेळी रस्त्यावर उतरतो. या पद्धतीवर तिथे वर्षानुवर्षं नाराजी होती. २०२४ च्या अखेरीस सरकारने २०२५ पासून दोन सुट्ट्या वाढवल्या आणि अशा सुट्टीच्या आगेमागे सलग सहा दिवसांपेक्षा जास्त काम सहसा असू नये, असं ठरवलं. विश्रांतीचे दिवस इकडून तिकडे हलवून विश्रांती वाढत नाही. एकाच वेळी सगळ्यांना एकच लांब सुट्टी देण्यात तिची गोडीही कमी होते.

काही संस्था मधल्या दिवशी कुलूपच लावतात आणि तो दिवस प्रत्येकाच्या रजेतून कापतात. सोयीचं आहे, पण कर्मचाऱ्याला विचारलेलं नसतं. जपानच्या कायद्यात यावर एक चांगली मर्यादा आहे. मालक आणि कामगार प्रतिनिधी यांच्यातल्या कराराने रजेचे काही दिवस असे सामुदायिक ठरवता येतात, मात्र प्रत्येक कामगाराचे निदान पाच दिवस त्याच्या मर्जीचे राहिलेच पाहिजेत. कुलूप लावायचंच असेल तर अशी मर्यादा सगळीकडे हवी. नाहीतर पंधरा रजांपैकी पाच मधल्या दिवसांत, चार वर्षअखेरच्या बंदमध्ये आणि उरलेल्या आजारपणात जातात, आणि माणसाला स्वतःच्या इच्छेने सलग आठवडा मिळत नाही.

आतापर्यंतचं सगळं शनिवार-रविवार घरी असणाऱ्यांबद्दल झालं. रुग्णालयं, रेल्वे, वीजकेंद्रं, पाणीपुरवठा, अग्निशमन इथे काम करणाऱ्यांना लांब वीकेंड हा प्रकारच नसतो. उलट इतरांच्या जोडसुट्टीत त्यांचं काम वाढतं. त्यांच्यासाठी मधल्या शुक्रवाराच्या जागा वाटून उपयोग नाही. सार्वजनिक सुट्टीला काम केल्याबद्दल मिळणारी बदली सुट्टी त्यांना साप्ताहिक सुट्टीला जोडता आली पाहिजे. समजा एका परिचारिकेची साप्ताहिक सुट्टी बुधवारी आहे. बुधवारला लागून गुरुवारी बदली सुट्टी, मग शुक्रवार ते मंगळवार पाच रजा, आणि पुन्हा साप्ताहिक सुट्टीचा बुधवार. पाच रजांत सलग आठ दिवस झाले. हे व्हायला दोन गोष्टी लागतात. पाळ्यांचं वेळापत्रक निदान महिनाभर आधी लागलं पाहिजे, आणि बदली सुट्टीची मुदत महिन्याभरात संपता कामा नये. वर्षभरात केव्हाही वापरता येईल अशी ती ठेवली तर तिला असे आठ दिवस निवडता येतात. महिन्याचीच ठेवली तर गर्दीच्या महिन्यात ती देता येत नाही, आणि महिना संपला की खात्यातून निघून जाते.

ज्यांना पगारी रजाच नाही अशा रोजंदारी आणि कंत्राटी कामगारांसाठी मधला शुक्रवार म्हणजे बुडालेला रोज असतो. कायम कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी संस्था त्या दिवशी बंद ठेवली, तर या कामगारांना त्या दिवसाचा पगार द्यायचा, ही अट बंद जाहीर करणाऱ्या त्याच परिपत्रकात लिहिलेली असली पाहिजे.